कोपऱ्यातला हूड स्लायडरने जात नाही

"वाइड लेन्सच्या फोटोत कोपऱ्यात लेन्सचा हूड नाहीतर कॅमेऱ्याचा पट्टा काळा आला तर घाबरू नका. लाइटरूममध्ये व्हिग्नेटिंगचा स्लायडर उजवीकडे ओढा, कोपरा उजळतो. उरलंसुरलं हीलिंग ब्रशने पुसा. क्रॉप मात्र कधीच करू नका, वाइडपणाच जातो."

मराठवाड्यात लग्नाचं आणि लेण्यांचं काम करणाऱ्या मुलांपर्यंत हा सल्ला सगळीकडे पोचलाय, आणि त्यापायी चांगले फोटो बिघडताना दिसतात.

आधी स्लायडर. लेन्सच्या कडांना प्रकाश कमी पोचतो तेव्हा कोपरा अंधारतो, पण तिथलं दृश्य सेन्सरवर उमटलेलं असतं. ते उजळवता येतं, स्लायडर त्याचसाठी आहे. हूड किंवा पट्टा आडवा आला की दृश्याचा प्रकाशच अडतो आणि त्या जागी हूडच्या आतल्या काळ्या रंगाचा फोटो निघतो. फरक ओळखायला रॉ फाइल घ्या आणि एक्स्पोजर तीन-चार स्टॉप वाढवा. कोपऱ्यात दगड, पानं, ढग दिसू लागले तर प्रकाश फक्त कमी पडला होता. सपाट करडा रंग आणि दाणेच दिसले तर तिथे उजळवण्यासारखं काही नाही. हूडची कड धूसर असते. त्या अरुंद पट्ट्यात मात्र थोडं दृश्य शिल्लक असतं, ते मास्क लावून उजळवता येतं.

शिवाय हा स्लायडर चारही कोपरे सारखेच उजळतो. पाकळ्यांचा हूड नीट न फिरवता बसवला की पाकळ्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत येतात. म्हणजे स्लायडर ओढला की उरलेले दोन चांगले कोपरे विनाकारण फिकट होतात आणि काळे दोन करडे होऊन बसतात.

ब्रशचा सल्ला अर्धा खरा आहे. वेरूळचं कैलास लेणं वरच्या कड्यावरून १६ मिलिमीटरने टिपलेला फोटो घ्या. फ्रेम ६००० × ४००० पिक्सेलची, हूड वर डावीकडे आकाशात आणि खाली उजवीकडे कातळावर आलेला. आकाशाचा कोपरा भरून काढायला हरकत नाही. पण हीलिंग ब्रश आजूबाजूचा रंग स्वतःत मिसळतो, त्यामुळे काळ्या कडेला टेकला की काळेपणाच आत ओढतो आणि मळकट डाग उरतो. म्हणून निवड धूसर कडेच्याही बाहेर, स्वच्छ आकाशापर्यंत घ्या आणि फोटोशॉपमधलं Content-Aware Fill वापरा, किंवा जिंपमध्ये क्लोन टूलने शेजारचंच आकाश आणा. लांबचं आणू नका, आकाशाचा निळा रंग कडेकडे बदलत जातो आणि जोड दिसतो. भरलेल्या भागात दाणे कमी वाटले तर थोडा नॉइज घाला.

कातळाच्या कोपऱ्यात हे करू नये असं मला ठामपणे वाटतं. तिथे छिन्नीचे घाव आहेत. क्लोन केला की तेच घाव दोनदा दिसतात, आणि नसलेलं कोरीव काम आपण त्या लेण्याच्या नावावर खपवतो. त्याच जागेवरून हूड सरळ करून काढलेली दुसरी फ्रेम असेल तर तिचा कोपरा जुळवून लावा. नसेल तर कापा.

आता कापण्याची भीती. आधी Enable Profile Corrections लावा. वाइड लेन्सचा फुगवटा काढताना कोपरे बाहेर ताणले जातात, तेवढ्याने काळा भाग थोडा घटतो. मग मोजा. समजा धूसर कडेसकट प्रत्येक कोपऱ्यात आडवा ४२० आणि उभा २८० पिक्सेलचा त्रिकोण उरला. अख्खे ४२० किंवा २८० कापायची गरज नाही. ३:२चं प्रमाण ठेवून दोन्ही बाजूंनी २१० आणि वरखाली १४० काढले की कापाचा कोपरा तिरक्या कडेच्या बरोबर मध्यावर येतो. राहतात ५५८० × ३७२० पिक्सेल. अल्बमचं १२ × १८ इंचाचं पान ३०० डीपीआयला ३६०० × ५४०० मागतं, म्हणजे पुरून उरतं. दृश्य १६ऐवजी साधारण १७.२ मिलिमीटरने काढल्यासारखं होतं. आकाशाचा कोपरा भरून घेतला असेल तर कातळाच्याच बाजूने कापा, ५७९० × ३८६० राहतात.

कोपऱ्यापर्यंत कळस किंवा माणूस आला असेल तेव्हाच हा हिशेब चुकतो.

पुढच्या वेळेसाठी हूड खट आवाज येईपर्यंत फिरवा आणि पांढऱ्या भिंतीवर एफ ११ ला एक फोटो काढून चारही कोपरे बघा, कारण छिद्र लहान केलं की हूडची कड ठळक होते. व्ह्यूफाइंडरवर विसंबू नका. बऱ्याच स्वस्त डीएसएलआरमध्ये तो फ्रेमचा सुमारे ९५ टक्केच भाग दाखवतो, आणि पट्टा नेमका उरलेल्या कडेत लोंबत असतो.