उपाशी मांजर आणि यकृत

"दोन दिवस खाल्लं नाही तर काय बिघडतं? भूक लागली की खाईल."

लठ्ठ मांजराच्या बाबतीत हे उलटं पडतं. उपासात अंगावरची चरबी सुटून यकृतात येते. मांजराच्या यकृताला ती तेवढ्या वेगाने वापरता किंवा बाहेर टाकता येत नाही, पेशी चरबीने फुगतात. मग मळमळ होते आणि भूक आणखीच मरते. आमच्या साडेसहा किलोच्या बोक्याने नवं खाणं नाकारलं, आम्ही (हट्टाने) तेच ठेवलं. पाचव्या दिवशी कानाची आतली बाजू आणि हिरड्या पिवळ्या! औषध म्हणजे मुख्यतः अन्नच: मानेतून अन्ननलिकेत नळी बसवून, आधी थोडं थोडं, पाच आठवडे भरवलं. पूर्ण एक दिवस तोंड लावलं नाही तर डॉक्टरांना फोन करा.