सर्वांत वरची लिंक, ताजी तारीख आणि पालकांच्या ग्रुपवरचा मेसेज

“शाळेत आता गुगल कसं बघायचं याचे तास घेणार म्हणे! वेळ वाया. मुलांना एवढंच सांगा: सर्वांत वरची लिंक गुगलने तपासलेली असते, तीच खरी. जाहिरात कोणालाही ओळखता येते. कुलूप दिसलं की साइट विश्वासाची. तारीख ताजी दिसली की माहिती ताजी. पुढे पाठवा.”

कणकवलीच्या आमच्या वहिनीने हा मेसेज मला पाठवला आणि खाली विचारलं, “भाऊजी, पोराला त्या तासाला बसवू की नको?” आठवीचा तो तास मीच घेणार आहे. वहिनी, बसवाच.

तारखेपासून सुरुवात करतो, कारण कोकणात राहून हे कोणी लिहावं याचाच मला संताप येतो. २०२४ मध्ये कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक १० जून ते ३१ ऑक्टोबर होतं. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर झालं. आता समजा, २५ ऑक्टोबर २०२५ ला कुडाळहून मडगावला जायचं आहे आणि मोबाईलवर आदल्या वर्षीचं पान उघडलं. त्या पानाप्रमाणे पावसाळी वेळा अजून चालू आहेत. पावसाळ्यात गाड्या सावकाश धावतात, म्हणून मुंबईहून निघालेली गाडी कुडाळला उशिरा येते. प्रत्यक्षात नेहमीच्या वेळा चार दिवसांपूर्वीच सुरू झाल्या आहेत. पावसाळी वेळ धरून स्टेशनवर गेलेल्या माणसाची गाडी केव्हाच पुढे गेलेली असणार.

पण पानाखाली तारीख तर ताजी होती! असणारच. जुन्या बातमीत एखादी ओळ बदलली की काही साइट तिच्यावर नवी तारीख टाकतात. निकालात दिसणारी तारीख हा गुगलने अनेक खुणांवरून बांधलेला अंदाज असतो, आणि हे गुगलनेच आपल्या मार्गदर्शक पानांत लिहिलं आहे. शोधताना असं लिहून जुनी पानं गाळता येतात:

```
कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रक after:2025-05-01
```

मात्र ही गाळणीही बऱ्याच अंशी त्याच अंदाजावर चालते, म्हणून तेवढ्यावर थांबायचं नाही. मुलांना मी पान उघडून तीन जागा बघायला लावणार आहे. पहिली, पानाचा पत्ता: त्यात /2024/06/ असं काही असेल तर पान मुळात कधीचं ते कळतं. दुसरी, मजकूर: “यंदा १० जूनपासून” लिहिलंय, पण यंदा म्हणजे कुठलं साल? साल नसेल तर ते पान बाजूला. तिसरी जागा पानाच्या बाहेर आहे: कोकण रेल्वेच्या स्वतःच्या साइटवर तेच शोधून दोन्ही तारखा शेजारी शेजारी वहीत लिहायच्या. जुळल्या नाहीत तर रेल्वेचं खरं धरायचं.

आता जाहिराती. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने, म्हणजे आयफोरसीने, जाहीर इशारा दिला होता: खोट्या साइट आणि सर्च इंजिनवरच्या प्रायोजित जाहिराती यांच्यामार्फत पर्यटकांना आणि यात्रेकरूंना बुकिंगच्या नावाखाली फसवलं जातंय. सगळ्यांना जाहिरात ओळखता आली असती तर हा इशारा काढावा लागला नसता. तारकर्लीला खोली शोधताना जाहिरातींच्या वर “प्रायोजित” असं लिहिलेलं असतं. खाली तेच निळं शीर्षक, तीच मांडणी. घाईत बोट तिथेच पडतं. म्हणून तासाला मी निकालांच्या पानाची छापील प्रत देणार, आणि मुलांनी पेन्सिलीने प्रायोजित निकालांभोवती चौकट करून खरा पहिला निकाल कितव्या ओळीत सुरू होतो ते सांगायचं. मग दोघादोघांनी चौकटीतल्या साइटचा पत्ता अक्षरन् अक्षर वाचायचा. एमटीडीसीचं नाव शीर्षकात कोणीही टाकू शकतो, पत्ता मात्र ज्याचा त्याचाच असतो.

कुलपाबद्दल फार लिहीत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की तुमच्या आणि साइटच्या मधली वाट बंदिस्त आहे. पलीकडे बसलेला माणूस चोर असला तरी कुलूप तेच. लोकांचा हा गैरसमज जात नाही, म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच बदललं.

मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. जाहिराती सोडून जे निकाल येतात त्यांच्यात पैसे देऊन वर जाता येत नाही, असं गुगल सांगतं, आणि “भारताची राजधानी” असलं काही विचारलं तर पहिली लिंक बहुधा बरोबरच असते. पण क्रम लावणं म्हणजे मजकूर तपासणं नव्हे. पान शब्दांशी किती जुळतं, त्याला इतर किती साइट जोडल्या आहेत, अशा खुणांवर तो क्रम लागतो. ती बातमी कोणी गुगलच्या कचेरीत बसून वाचलेली नसते.

वहिनी, पोराला तासाला वही आणि पेन्सिल घेऊन पाठवा, मोबाईल नको. आणि तुमच्या घरात कोणी अशा बुकिंगमध्ये पैसे भरून बसलं असेल, तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर करू नका.