दोन शब्द, अकरा मिनिटे

ओळख होऊन साडेतीन आठवडे आणि भेटी मोजून पाच झालेल्या असताना, मावसबहिणीच्या लग्नासाठी नागपूरला गेलेल्या तिचा रात्री १०.४० वाजता 'मिस यू' असा संदेश आला आणि मी अंथरुणावर ताडकन उठून बसलो. आनंद झालाच, पण पाहुणे दारात उभे असताना घरात साखर नाही हे लक्षात यावे, तशी धांदलही उडाली.

संदेश उघडल्यामुळे निळ्या खुणा तिला दिसल्या होत्या, म्हणजे झोप लागल्याची सबब गेली. 'मी टू' हे पावती फाडल्यासारखे वाटले. मराठीचा आधार घ्यावा, तर मराठीत या भावनेचे लहान माप चटकन हाती लागत नाही. 'तुझ्याशिवाय करमत नाही' असे लिहिले, तर पुढच्या रविवारी दोन्हीकडचे वडीलधारे बैठकीला बसतील. शिवाय ते खरेही नव्हते. मला उत्तम करमत होते, नुकताच मी वरणभात जेवून क्रिकेटचा सामना पाहिला होता. नुसता अंगठा पाठवणे म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवर टँकर आल्याची पोच देणे.

प्रामाणिकपणाच्या झटक्यात एक मसुदा लिहिला: 'मलाही तू आवडतेस, परंतु आपली ओळख अजून नवीन असल्यामुळे…' त्यातल्या 'परंतु'ला मीच दचकलो. लग्नाच्या गर्दीत मी आठवलो, एवढेच तिने कळवले होते आणि मी मात्र तिने न विचारलेल्या प्रश्नाला नकार कळवत होतो. मसुदा खोडला.

मग स्वतःलाच विचारले, की आज ती खरोखर कधी आठवली? दुपारी, मिसळ खाताना. ती कट दोनदा मागून घेते आणि आपले पाव हळूच माझ्या ताटात सरकवते. आज ताटात माझेच दोन पाव होते आणि ते कमी वाटले. ही आठवण खरी होती आणि बेताचीही. शब्दही तसाच सापडला: 'आठवण येते' हे चालूच राहते, 'आठवण झाली' हे एकदा होऊन थांबते. मी लिहिले, "वाचून खूप छान वाटलं. आज मिसळ खाताना माझ्या ताटात कुणी पाव सरकवले नाहीत, तेव्हा तुझी आठवण झाली. परत आलीस की शनिवारी जाऊ या?" शनिवारपलीकडचे कोणतेही वचन त्यात नव्हते, आणि शनिवार मी नक्की पाळू शकत होतो.

उत्तर तत्काळ आले. "अकरा मिनिटं तू टाइप करत होतास. मला वाटलं, निबंध येतोय."

पाठोपाठ दुसरे आले. "शनिवार चालेल. पण यापुढे माझे पाव माझ्याच ताटात, कारण तुला आता सवय लागलेली दिसते."