एसीबीची बेरीज आणि गोळ्या कमी करण्याचा क्रम

«म्हाताऱ्या माणसांना विसरभोळेपणा मानसोपचाराच्या गोळ्यांमुळेच येतो. प्रत्येक गोळीचे एसीबी गुण मोजा. बेरीज ३ किंवा जास्त आली तर सगळ्या गोळ्या त्याच दिवशी बंद करा.» असा सल्ला ऐकायला मिळतो, पण तो बरोबर नाही.

एसीबी ही औषधांचा अँटिकोलिनर्जिक भार, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिनचं काम अडवण्याचा एकूण परिणाम, मोजणारी मोजपट्टी आहे. हा भार फक्त मानसोपचाराच्या औषधांचा नसतो. अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन स्मरणशक्तीला लागतं, तसंच आतड्यांना आणि मूत्राशयालाही लागतं. त्याचं काम अडवणारं कुठलंही औषध या हिशेबात येतं. दुकानातून परस्पर आणलेली, क्लोरफेनिरामिन असलेली सर्दीची गोळीसुद्धा ३ गुणांची आहे. शिवाय थायरॉइड, बी-१२ची कमतरता, नैराश्य यांनीही विसरायला होतं. तेही तपासावं लागतं.

एसीबी मोजपट्टी औषधाची मात्रा बघत नाही. क्वेटियापिन हे मानसोपचारातलं औषध २५ मिलिग्रॅम असो की ३००, गुण ३च. एआरएस नावाच्या दुसऱ्या मोजपट्टीत त्याच औषधाला १ गुण आहे. त्यामुळे मोठी बेरीज दिसली की यादी घेऊन डॉक्टरांकडे जायचं, इतकाच तिचा उपयोग.

एका दिवसात सगळं बंद करण्याचा सल्ला मात्र खरोखर घातक आहे. मळमळ, घाम, बेचैनी, झोप उडणं हे तर होऊ शकतंच. स्किझोफ्रेनियासाठीचं क्लोझापिन अचानक थांबलं तर मूळ आजार जोरात उसळू शकतो.

समजा, ७२ वर्षांच्या एका आजींना जुना स्किझोफ्रेनिया आहे. रिस्पेरिडोन ४ मिलिग्रॅम (१ गुण), त्याने हातपाय कडक होऊ नयेत म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिलिग्रॅम दोन वेळा (३), झोपेसाठी अमिट्रिप्टिलिन २५ (३) आणि अधूनमधून ती सर्दीची गोळी (३). बेरीज १०. तोंडाला कोरड, बद्धकोष्ठता, रात्री गोंधळ.

सर्दीची गोळी लगेच थांबवता येते, उरले ७. पुढची पाळी ट्रायहेक्सिफेनिडिलची. कडकपणा नसताना केवळ खबरदारी म्हणून हे औषध सरसकट देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९९०मध्येच सांगितलं होतं. आपल्याकडे ते बरेचदा रिस्पेरिडोनसोबत एकाच गोळीत असतं, म्हणून आधी दोन्ही वेगळी लिहून घ्यावी लागतात. मग दर दोन आठवड्यांनी १ मिलिग्रॅम कमी. प्रत्येक भेटीत मनगट वाकवून कडकपणा, तसंच चाल आणि थरथर पाहायची. कडकपणा परतला तर रिस्पेरिडोनच थोडं उतरवता येईल का, हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात. हे स्थिरावल्यावरच अमिट्रिप्टिलिन २५वरून १० आणि मग बंद. दोन औषधांना एकाच वेळी हात लावला, तर त्रास कशाने झाला ते कळत नाही.

शेवटी यादीत १ गुण उरतो, रिस्पेरिडोनचा. आजार त्याच गोळीने आवरलेला आहे, ती शून्यासाठी काढायची नाही. आणि या काळात कधीही लघवी पूर्ण अडली किंवा पोट फुगून शौच थांबली, तर पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.