सोपं लिहिलंय, पण बरोबर आहे का?

लोणारवरचा एक छान लेख सध्या शाळाशाळांच्या ग्रुपवर फिरतोय. ओघवता आहे, जड शब्द एकही नाही, आणि कौतुक चाललंय तेही त्याचंच. मला मात्र वाटतं, असा लेख तपासताना कुठला अवघड शब्द टाळला हे पाहून भागत नाही. त्या जागी जे सोपं वाक्य आलं ते खरं आहे का, हे पाहावं लागतं.

लेखात म्हटलंय, '2020 मध्ये शेवाळामुळे सरोवर गुलाबी झालं.' त्या जून महिन्यात सुरुवातीला शेवाळाचा अंदाज खरंच वर्तवला गेला होता. पण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा अतिखारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव सापडले. ते शेवाळ नाहीत. नमुना स्थिर ठेवल्यावर हे जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी रंगहीन झालं. म्हणजे रंग पाण्याचा नव्हता, त्या जीवांचा होता. हे सांगायला हॅलोआर्किया हे नाव लागतच नाही. 'खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे' एवढं लिहिलं की काम झालं. ते सोपंही आहे आणि खरंही.

सरोवर ज्या विवरात आहे, त्याच्या वयाचं प्रकरण जास्त गंभीर आहे. 'अशनी 52 हजार वर्षांपूर्वी आदळली,' असं लेखक ठामपणे लिहितो. हा आकडा हवेतला नाही. आघातात तापलेल्या खडकात नंतर हळूहळू ऊर्जा साठत जाते. खडक पुन्हा तापवला की ती प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते आणि त्यावरून काळ काढतात. पण 2011 साली आर्गॉन वायूवरून केलेल्या मोजणीत वय सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं आलं. दहापटीहून जास्त! इथे तत्त्व वेगळं आहे. खडक वितळला की त्यातला आर्गॉन निसटतो आणि घड्याळ शून्यावर येतं. पुढे पोटॅशियमपासून नवा आर्गॉन साचत राहतो. दोन्ही पद्धतींना आपापले धोके आहेत. साठलेली ऊर्जा मधल्या काळात गळून गेली तर वय कमी दिसतं. मूळच्या साडेसहा कोटी वर्षं जुन्या बेसॉल्टमधला आर्गॉन पूर्ण निघून गेला नाही तर ते जास्त दिसतं, म्हणून 2011 च्या संशोधकांना त्याचा हिशेब वेगळा धरावा लागला.

एवढं सगळं लेखात यावं असं माझं म्हणणं नाही. पण एकच आकडा दिला की वाचणाऱ्या मुलाला वाटतं, विषय मिटला. आणि तो मिटलेला नाही.

'जगातलं बेसॉल्टमधलं एकमेव विवर' हे वाक्य तर सरळ काढूनच टाकावं. ब्राझीलमध्ये व्हिस्टा अलेग्रे आणि वार्जेआओ ही विवरंही बेसॉल्टमध्येच आहेत.

वयाचं वाक्य मी असं करेन: 'अशनी कधी आदळली याची दोन पद्धतींनी दोन उत्तरं मिळाली आहेत, सुमारे 52 हजार वर्षं आणि सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं; नंतरच्या मोजणीत जुनं वय आलं आहे.' सातवीतल्या मुलाला हे नक्की कळेल. आणि 'दोन उत्तरं कशी काय?' असं त्याने बाईंना विचारलं, तर तो तास लोणारवर खर्च व्हायला माझी काही हरकत नाही.