तोटा घ्या, तोटा! मार्चअखेरची ताजी आवक

मार्च उजाडला की आपल्याकडे तोट्याला एकदम प्रतिष्ठा येते. अकरा महिने ज्या शेअरचं नावही घरात काढायची सोय नसते, तोच आता कर वाचवणारा कुलदीपक ठरतो. मग तुम्हीच का मागे राहायचं?

समजा, यंदा एक शेअर वर्षाच्या आत विकून तुम्ही 1 लाखाचा नफा कमावलात. 23 जुलै 2024 पासून अशा नफ्यावर 20 टक्के कर आहे, म्हणजे सेस सोडून 20 हजार गेले. पण घाबरू नका, भावोजींची टिप आहे ना! त्यांच्या भरवशावर आठ महिन्यांपूर्वी 400 रुपयांनी घेतलेले 500 शेअर आज 280 वर आहेत. विकून टाका. 60 हजारांचा तोटा नफ्यातून वजा झाला, 40 हजार उरले, कर 8 हजार. 12 हजार वाचले! भावोजींना पेढे द्या. 60 हजार घालवल्याबद्दल त्यांचे आभार मानायची संधी पुन्हा येणार नाही.

आता शेअर तर आवडता आहे, सोडवत नाही. मग विकल्यावर पाच मिनिटांत 279.50 ला परत घ्या. बघा कशी सरकारला टोपी घातली! फक्त संध्याकाळी डीमॅट उघडू नका, कारण जुने 500 शेअर तिथेच बसलेले असतील, खरेदीभाव तोच 400. एकाच दिवशी, एकाच बाजारात विकलं आणि घेतलं की दोन्ही सौदे एकमेकांत मिटतात. डिलिव्हरी जातच नाही. तुमच्या पदरात 60 हजारांच्या तोट्याऐवजी 250 रुपयांचा इंट्राडे नफा पडतो. कायद्याच्या लेखी तो सट्ट्याचा धंदा. त्यामुळे काल नोकरदार असलेले तुम्ही आज व्यावसायिक झालात, आणि आयटीआर-2 ऐवजी आयटीआर-3 भरायचा मान मिळाला. अभिनंदन.

यावर उपाय म्हणजे दुसऱ्या दिवशी घेणे, पण त्यात गंमत नाही. रात्रीतून भाव 295 झाला तर जास्तीचे साडेसात हजार मोजावे लागतात. अमेरिकेतला भाचा सांगेल की तिकडे विक्रीच्या आधी किंवा नंतर 30 दिवसांत तोच शेअर घेतला तर तोटा त्या वर्षी धरतच नाहीत. आपल्याकडे असा नियम नाही, म्हणून हुरळून जाऊ नका. दुसऱ्या दिवशी भाव न हलता 280 लाच परत मिळाला, तरी खरेदीभाव आता 280 आहे आणि मुदत पहिल्यापासून मोजायची. तो वर्षाच्या आत 400 झाला आणि तुम्ही विकलात, तर 60 हजारांवर 20 टक्के, म्हणजे तेच 12 हजार, सरकारजमा. वर्षभर कळ काढलीत तर दर साडेबारा टक्के, आणि त्या वर्षीचा एकूण दीर्घ मुदतीचा नफा सव्वा लाखाच्या आत असेल तर शून्य. खरी बचत झालीच तर इथे होते, पण त्यासाठी थांबावं लागतं. तेवढा धीर असता तर आपण भावोजींचं ऐकलं असतं का?

ज्यांना तोटा वाया घालवण्याचीही हौस आहे, त्यांच्यासाठी खास सोय आहे. समजा दीर्घ मुदतीचा नफा 1 लाख आहे. सव्वा लाखापर्यंत कर नाहीच. तरीही उत्साहाने 80 हजारांचा दीर्घ मुदतीचा तोटा बुक करा. तोटा आधी वजा होतो, सूट नंतर लागते. जो कर द्यायचाच नव्हता तो वाचवण्यात 80 हजारांचा तोटा खर्ची पडला. पुढच्या वर्षासाठी काही उरलं नाही. हाच तोटा अल्पमुदतीच्या नफ्यातून किंवा पगारातून वजा करायला गेलात, तर सीए चष्म्यावरून बघेल. अल्पमुदतीचा तोटा तेवढा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो.

आणखी धाडसी असाल तर मित्राशी संगनमत करा: ठरल्या वेळी तू घे, मी विकतो, मग उलट. ही युक्ती तुमच्या आधीच लोकांना सुचली आहे. 2014-15 मध्ये बीएसईवरच्या कुणी फिरकत नसलेल्या शेअर-ऑप्शन्समध्ये असेच उलटसुलट सौदे झाले आणि सेबीने हजारो जणांवर कारवाई काढली. पुढे तडजोडीच्या योजना आणाव्या लागल्या, इतकी ती गर्दी. बायकोला शेअर भेट देऊन तिच्याकडून विकवून घेणार असाल, तर हिशेब फिरून तुमच्याच विवरणपत्रात येईल.

आणि एवढं करून तोटा उरलाच, तर तो आठ वर्षं पुढे ओढता येतो. अट एकच, विवरणपत्र मुदतीत भरायचं. पण मुदत वाढेलच या भरवशावर तुम्ही निवांत असालच. उशिरा भरलं तरी त्याच वर्षीच्या नफ्यातून वजावट मिळते. पुढे ओढायचा तोटा मात्र कायमचा जातो.