रांग, तवा आणि रोसाचं पातेलं: एका प्रतिक्रियेला उत्तर

«फोंड्याच्या रोस ऑम्लेटचा तुमचा यूट्यूब शॉर्ट पाहिला, तो कसा केला यावरचा लेखही वाचला. रांग दाखवून चव सिद्ध होत नाही. त्या गाड्यावर तवाच एक, म्हणून रांग. सुरुवातीला रोसाने भरलेला डाव दाखवायचा आणि ओतायचा मात्र शेवटी, ही लोकांना लटकवून ठेवायची युक्ती झाली. रोस कसा करतात ते कुठेच नाही. आणि आता आम्ही रोजची गिऱ्हाइकं बाहेरच्यांच्या मागे उभी राहणार, त्याचं काय?» (फर्मागुडीहून एक वाचक)

बाब, रोस ऑम्लेट म्हणजे ऑम्लेटवर ओतलेला शाकुतीचा मसालेदार गोवेकरी रस्सा, आणि तवा एक म्हणून रांग, हे तुमचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. मी तर म्हणतो, शॉर्टचा विषयच तो आहे. चव मोबाइलच्या पडद्यावर उतरत नाही. पहिला घास घेऊन डोळे मिटणारा माणूस दाखवला की लोकांना ती कळते, असं समजणाऱ्यांनी खुशाल समजावं. मी तो शॉट घेत नाही. रांग मात्र दाखवता येते. पण नुसती रांग दाखवली तर बघणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो, ‘एवढं काय आहे तिथे?’ त्याचं उत्तर पुढच्या २५ सेकंदांत दिसलं नाही, तर तुम्ही म्हणता तसा तो भपकाच.

उत्तर तव्यावर आहे. हिशेब करून बघा. त्या तव्यावर एका वेळी दोन ऑम्लेटं होतात. स्टीलच्या पेल्यात अंडी, कांदा, मिरची, कोथिंबीर फेटायची, ओतायची, उलटायची, ताटलीत काढायची, वर रोस, मग कच्चा कांदा आणि लिंबाची फोड. सगळं मिळून तीन मिनिटं धरा. म्हणजे तासाला ४० ताटल्या. आता रांगेत २० जण उभे आहेत असं समजू. त्यातले दहा जण तिथेच उभ्याने खाणारे, एकेक ताटली. उरलेले दहा घरी पार्सल नेणारे, प्रत्येकी तीन. दहा आणि तीस, झाल्या ४० ताटल्या. म्हणजे शेवटच्या माणसाला पूर्ण एक तास. वीस माणसांची रांग लांबून बघितली तर काहीच वाटत नाही. पुढच्या हेल्मेटवाल्याने ‘चार पार्सल’ म्हटलं की मागच्यांचे खांदे कसे पडतात, ते जवळून बघावं लागतं.

शॉर्टमध्ये तो हेल्मेटवाला म्हणूनच आहे. दोन सेकंदांचाच शॉट, चेहरा नाही, फक्त चार बोटं वर झालेली आणि मागे उभ्या बाईने पिशवी या हातातून त्या हातात घेतलेली. माझ्या मते अख्ख्या शॉर्टमधला सर्वांत कामाचा तुकडा तो. तिथे बघणाऱ्याला रांगेचं कारण कळतं, तेही मी तोंडाने एक शब्द न सांगता. चवीची जाहिरात करायची असती तर तोच तुकडा मी आधी कापला असता, कारण त्यात गाड्याची मर्यादाच उघडी पडते.

रांग दाखवण्यात फसवणूक होते, नाही असं नाही. पण ती वेगळीकडे होते. रांगेच्या शेपटाला उभं राहून मोबाइलची तिप्पट झूमची लेन्स लावली की माणसं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात आणि डझनभर माणसांची जत्रा होते. रुंद लेन्सने तव्याजवळून रांगेकडे पाहिलं, तर उलट पहिली तीन डोकी मोठी आणि बाकी सगळे मुंग्या. मी दोन्ही टाळतो. साध्या, झूम नसलेल्या लेन्सने, छातीच्या उंचीवर मोबाइल धरून, रांगेच्या बाजूने शेपटापासून तव्यापर्यंत चालत जायचं. दोन माणसांमधलं अंतर दिसतं, स्कूटर लावून बसलेला माणूस दिसतो, कुणी कंटाळून मोबाइल बघतोय तेही दिसतं. चेहऱ्यांऐवजी पाठी, पिशव्या, हात. हा चालण्याचा शॉट मूळचा लांब असतो. त्यातले शेवटचे तीन-चार सेकंद घ्यायचे, पण वेग वाढवायचा नाही. वेग वाढवला की रांग पळते, आणि इथे तर ती न हलणं हाच मुद्दा आहे.

आता डावाचं. पहिल्या फ्रेममध्ये रांग का नाही, हे आधी सांगतो. संध्याकाळी सातनंतर रस्त्यावरची रांग उभ्या पडद्यावर म्हणजे काळोखात काही ठिपके. अंगठा थांबत नाही. तव्यावरचा पिवळा गोल आणि त्याच्यावर धरलेला, कडेपर्यंत भरलेला डाव मात्र पाहताक्षणी कळतो. गोव्याबाहेरच्या माणसालाही कळतं की काहीतरी ओतलं जाणार आहे. म्हणून पहिले दीड सेकंद डाव, मग रांग, मग हेल्मेटवाला, मग अंडी फेटण्यापासून सगळी कृती, आणि विसाव्या सेकंदाच्या आसपास रोस पडतो. तुम्ही याला लटकवणं म्हणता. मी म्हणतो, रांगेतल्या माणसाला रोस जितका उशिरा मिळतो, त्याचा शंभरावा हिस्साही बघणाऱ्याला थांबावं लागत नाही. लटकवणं तेव्हा झालं असतं, जेव्हा डाव दाखवून शेवटी ‘पुढच्या भागात बघा’ म्हटलं असतं. असे शॉर्ट ढिगाने आहेत आणि त्यांच्यावर तुमच्याइतकाच मीही वैतागतो.

डाव आणि रांग हे दोन तुकडे एकमेकांपासून तुटू नयेत म्हणून आवाज वापरला आहे, हे लेखात नीट आलं नव्हतं. रांगेच्या शॉटखाली रस्त्याचा आवाज नाही, तव्याचा चर्र आवाज आहे. तो वेगळा घेतला: गाडेवाल्याची परवानगी घेऊन मोबाइल तव्यापासून हातभर अंतरावर धरला आणि अर्धा मिनिट नुसता आवाज घेतला. नंतर रांगेच्या चित्राखाली तो हळू ठेवला आणि चालत तव्याकडे जाताना वाढवत नेला. कान आधी तव्यापाशी पोचतो, डोळे मागून. हा आवाज नसलेली पहिली जुळणी मी जवळच्या काहींना दाखवली, तेव्हा ‘ही रांग बसस्टॉपची का?’ असं एकाने विचारलं.

अनेक जण विचारतात म्हणून गाड्यावरच्या दिव्याबद्दल इथेच सांगून टाकतो. गाड्यावर लोंबणारे स्वस्त एलईडी दिवे डोळ्यांना स्थिर दिसतात, पण आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. मोबाइल स्वतःच्या मर्जीने शटर ठरवतो आणि मग चित्रावर काळपट आडवे पट्टे सरकत राहतात. ते आधी कुठे दिसतात माहीत आहे? स्टीलच्या डावावर आणि ताटलीच्या कडेवर. रोसाचा शॉट नेमका तिथेच असतो. कॅमेऱ्याचा प्रो मोड उघडून शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की बहुतेक वेळा पट्टे जातात. तरीही उरले तर दिवाच तसा आहे, बाजूच्या दुकानाच्या उजेडात कोन बदलून बघावा. एक्स्पोजरही लॉक करावं, नाहीतर तव्यातून वाफ उठली की कॅमेरा सगळं काळं करतो आणि शाकुतीचा तपकिरी रोस डांबरासारखा दिसतो.

रोजच्या गिऱ्हाइकांचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटला, आणि त्याचं उत्तर पातेल्यात आहे. तवा रांगेचा वेग ठरवतो, पण संध्याकाळ किती लांब चालेल ते पातेलं ठरवतं. रोस गाड्यावर होत नाही. तो दुपारी घरी होतो आणि एक पातेलं भरून येतो. ते संपलं की अंडी उरली तरी रोस ऑम्लेट संपलं. साधं ऑम्लेट-पाव मिळतं. शॉर्ट हजार जणांनी बघितला काय किंवा लाखाने, पातेलं तेवढंच राहतं. म्हणजे बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाची ताटली तुमच्यासारख्या कुणाच्या तरी वाट्यातून जाते. त्यामुळे दोन गोष्टी ठरवून केल्या. एक, गाड्याचं नेमकं ठिकाण नकाशावर टाकलं नाही, गाडेवाल्यालाही ते नकोच होतं. दुसरी, शेवटचा शॉट खाणाऱ्या माणसाचा नाही. पातेल्याच्या तळाला खरवडणारा डाव आहे आणि वर अक्षरं, ‘रोस संपला की संपलं’. वास्कोहून रात्री नऊला गाडी काढणाऱ्याने आधी दोनदा विचार करावा, एवढीच त्यामागची इच्छा. ही अक्षरं पडद्याच्या वरच्या भागात आहेत, कारण खाली शीर्षक आणि उजवीकडे बटणं येऊन सगळं झाकलं जातं. सूचना लिहून ती झाकली जाणं म्हणजे न लिहिण्यासारखंच.

याचा परिणाम झाला की नाही, ते आकड्यांवरून ठरवू नका. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूब शॉर्ट नुसता सुरू झाला तरी व्ह्यू मोजतं, त्यामुळे तो आकडा मी फार मनावर घेत नाही. किती जणांनी बघितलं आणि किती जणांनी पुढे सरकवलं, हे प्रमाण आणि कोणत्या सेकंदाला माणसं गळली तो आलेख, एवढंच मी बघतो. रांगेवर आलेख घसरला आणि तव्यावर सावरला नाही, तर रांग लांबली असं समजायचं आणि ती कापायची. रोस पडतो तिथे आलेखाला उंचवटा आला, तर लोक तो तुकडा मागे जाऊन पुन्हा बघताहेत.

रोसाची कृती शॉर्टमध्ये नाही, कारण भाजलेलं खोबरं, खसखस, चक्रीफूल, जायफळ, सुक्या मिरच्या यांचं वाटण अर्ध्या मिनिटात कोंबलं तर त्यावरून कुणालाच रोस करता येणार नाही. तो वेगळा, लांब आणि आडव्या पडद्याचा व्हिडिओ आहे. गाडेवाल्याच्या घरून चित्रीकरणाला होकार आहे, मसाल्याचं प्रमाण मात्र सांगणार नाहीत असं त्यांनी आधीच बजावलंय. बिनप्रमाणाची कृती दाखवावी का, यावर माझं अजून ठरत नाही.

आणि हो, लवकर ताटली हवी असेल तर सोमवारी जा. शिवराक, म्हणजे शाकाहार, पाळणारे त्या दिवशी फिरकत नाहीत, रांग निम्मी असते. मला मात्र त्याच कारणाने सोमवारी चित्रीकरण करता येत नाही.